क्लिप लावली, फॅन फिरला. पण एसएमपीएस लोड घेतो का?

*प्रश्न: पीसी नीट चालू होतो. पण गेम किंवा व्हिडिओ रेंडर लावला की पंधरा-वीस मिनिटांत एकदम बंद पडतो. दुकानात एसएमपीएस बाहेर काढून पेपर क्लिप लावली, फॅन फिरला. म्हणे एसएमपीएस ओके आहे, मदरबोर्ड गेलाय, साडेसहा हजार लागतील. बदलू का? (जुळे सोलापूर)*

बोर्ड आत्ता बदलू नका. दुकानदार फसवतोय असं मी म्हणत नाही. क्लिपने हिरवी आणि काळी वायर जोडून बघायची पद्धत खरीच आहे, आम्ही सगळे तीच आधी करतो. पण फॅन फिरला यावरून एवढंच कळतं की एसएमपीएस जागा होतो. तुमचा तर रोज जागा होतोच आहे, नाहीतर पीसी चालूच झाला नसता. म्हणजे दुकानात तपासलं ते तुम्हाला घरबसल्या माहीत होतं. बघायला हवं होतं ते हे, की तो लोड घेतो का, आणि घेतला तर तापल्यावरही धरून ठेवतो का.

क्लिपने नेमकं काय होतं ते आधी समजून घ्या, मग तिची मर्यादा आपोआप दिसेल. भिंतीवरचं बटण चालू असलं की पीसी बंद असतानाही एसएमपीएसचा एक छोटा भाग चालू असतो. जांभळ्या वायरवर तो ५ व्होल्ट देत राहतो, यालाच स्टँडबाय म्हणतात. हिरव्या वायरवरही आतूनच एका रेझिस्टरमधून थोडं व्होल्टेज दिलेलं असतं. पीसीचं बटण दाबलं की मदरबोर्ड ही हिरवी वायर काळीला, म्हणजे ग्राउंडला, चिकटवतो. तेवढ्या इशाऱ्यावर मोठा भाग सुरू होतो आणि १२, ५ आणि ३.३ व्होल्टच्या लाइनी जिवंत होतात. क्लिप म्हणजे बोर्डाच्या त्या बोटाची नक्कल. तिच्यातून जेमतेम एक-दोन मिलिअँपिअर जातात, म्हणून योग्य जागी लावली तर ती गरमसुद्धा होत नाही.

आता फॅनचं. फॅन चालतो १२ व्होल्टवर आणि घेतो दोन-तीन वॅट. लाइन ९ व्होल्टवर घसरली तरी तो थोडा हळू का होईना फिरतो. तुमचा प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड मिळून दोनशे-अडीचशे वॅट मागत असतील, तर दोन-तीन वॅटच्या फॅनवरून त्याचा अंदाज बांधणं म्हणजे रिकामी सायकल उतारावर सोडून तिचे ब्रेक पास करण्यासारखं आहे. उलटंही होतं. हल्लीच्या बऱ्याच चांगल्या एसएमपीएसमध्ये लोड कमी असला की फॅन मुद्दाम थांबलेला असतो. क्लिप लावल्यावर तो जरासा हलतो आणि थांबतो, आणि लोक चांगला नग भंगारात टाकतात. म्हणून फॅनकडे बघणं सोडा आणि मीटर लावा.

एसएमपीएस बाहेर काढून मी कसा बघतो ते सांगतो. प्लग काढायचा. त्याच्या सगळ्या वायरी बोर्ड, डिस्क, कार्ड यांपासून सोडवायच्या. एकही कनेक्टर आत राहू द्यायचा नाही. नग लाकडी टेबलावर ठेवायचा, फॅनची जाळी मोकळी राहील असा. मागे ११५/२३० चं लाल बटण असेल तर ते २३० वरच आहे ना हे बघायचं, कारण चुकून ११५ वर असेल तर पहिल्याच सेकंदाला बार उडतो. प्लग थ्री-पिन सॉकेटमध्येच लावायचा, आणि त्या सॉकेटला अर्थिंग खरोखर असायला हवं. आपल्याकडे जुन्या घरांत तिसरं भोक नुसतं शोभेला असतं. अशा वेळी बाहेर काढलेल्या एसएमपीएसच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात. तो बिघाड नव्हे, आतल्या फिल्टरमधून येणारी गळती आहे. पण अशा सॉकेटवर ही चाचणी करू नका.

मग २४ पिनी कनेक्टर. रंगीत वायरी असतील तर हिरवी एकच असते आणि तिच्या दोन्ही बाजूंना काळी, चुकायला जागाच नाही. नव्या नगांत मात्र सगळ्याच वायरी काळ्या येतात. तिथे मी डावं-उजवं मोजत नाही, कारण कनेक्टर समोरून धरला की मागून, यावर ते उलटतं. त्याऐवजी कनेक्टरची खटकी ज्या बाजूला आहे त्या ओळीत एक रिकामं घर शोधा. जुन्या काळी तिथे उणे ५ व्होल्ट असायचे, आता ते घर मोकळं सोडतात. त्या घराच्या एका बाजूला चार पिना आहेत, दुसऱ्या बाजूला सात. सातच्या बाजूला जायचं: पहिल्या तीन पिना ग्राउंड, चौथी आपली हिरवी. खात्री करायला क्लिप न लावता प्लग चालू करून मीटर लावा. अख्ख्या कनेक्टरवर दोनच ठिकाणी व्होल्टेज दिसायला हवं, एक जांभळी आणि दुसरी ही. या चौथ्या पिनेवर साधारण ३ ते ५ व्होल्ट दिसले की पत्ता बरोबर. काही ब्रँडेड ऑफिस पीसींमध्ये कनेक्टरच वेगळा असतो, तिथे हे मोजमाप लागू नाही. अशा नगावर अंदाजाने क्लिप घालू नका.

प्लग पुन्हा बंद करून क्लिप हिरव्या आणि शेजारच्या काळ्या पिनेत घालायची, नंतरच मागचं बटण चालू करायचं. मी क्लिपऐवजी दोन्ही टोकं सोललेला एकसरी तारेचा तुकडा वापरतो, कारण क्लिपचा उघडा धातू हलला की समोरच्या ओळीतल्या लालला टेकू शकतो. ५ व्होल्ट सरळ ग्राउंडला गेले तर चांगला एसएमपीएस स्वतःला बंद करून घेतो. स्वस्तातला काय करेल याची मी हमी देत नाही.

आता मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवून वाचा. पिवळीवर ११.४० ते १२.६०, लालवर ४.७५ ते ५.२५, नारिंगीवर ३.१४ ते ३.४७, जांभळीवर पुन्हा ४.७५ ते ५.२५. यानंतर बहुतेक जण विसरतात ती करडी वायर बघा. सगळ्या मुख्य लाइनी जागेवर आल्या की एसएमपीएस हिच्यावर सुमारे ५ व्होल्ट देऊन बोर्डाला सांगतो, की आता चालू हो. फॅन फिरतोय पण करडी शून्यावर, असा नग मी पुष्कळदा पाहिलाय. पीसीमध्ये तो लावला की फॅन फिरतात, दिवे लागतात आणि स्क्रीन काळीच राहते. तिथेही बिचाऱ्या बोर्डावरच आळ येतो.

हे सगळं बरोबर आलं तरी अजून आपण रिकाम्या एसएमपीएसबद्दलच बोलतोय. तुमच्यासारखीच एक केस सांगतो.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा एक कारखाना. तिथे जॅकार्डची डिझाइनं करायचा पीसी रोज दुपारी दोन-तीनच्या सुमारास बंद पडायचा. सकाळी काही नाही. एप्रिलचा महिना, बाहेर ४२ डिग्री, आणि हवेत कापसाचा बारीक तूस. त्यांनी आधीच एका ठिकाणी क्लिप लावून घेतली होती, फॅन फिरला होता आणि बोर्डाचं कोटेशनही आलं होतं. एसएमपीएसवर ठळक अक्षरांत ४५० वॅट. पण खालच्या तक्त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात १६ अँपिअर, म्हणजे १२ गुणिले १६, एकूण १९२ वॅट. आजच्या पीसीत प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड जवळपास सगळं १२ व्होल्टवरूनच खातात, त्यामुळे त्या नगाची खरी ताकद या १९२ मध्येच. ४५० हा आकडा पेटी विकायला.

रिकामं मोजलं तेव्हा सगळं सुंदर होतं: १२.२१, ५.०६, ३.३३, स्टँडबाय ५.०२, करडी ४.९. इथेच थांबलो असतो तर मीही 'ओके' म्हणून दिला असता.

मग बल्ब लावले. माझ्याकडे गॅरेजमधून आणलेले कारच्या हेडलाइटचे ५५ वॅटचे दोन बल्ब आणि ब्रेकलाइटचे २१ वॅटचे काही आहेत, चार पिनी मोलेक्स कनेक्टरच्या कापलेल्या वायरींना जोडून ठेवलेले. पिवळी-काळीवर १२ व्होल्ट, लाल-काळीवर ५. पेटल्यावर हे बल्ब भयंकर तापतात, म्हणून ते शहाबादी फरशीच्या तुकड्यावर ठेवतो, टेबलावर नाही. आणि एकदम मोठा बल्ब लावत नाही. थंड फिलामेंटचा रोध फार कमी असतो, त्यामुळे पेटताना तो क्षणभर नेहमीच्या आठ-दहा पट करंट ओढतो, आणि चांगला एसएमपीएससुद्धा शॉर्ट समजून बंद होऊ शकतो. आधी २१ चा, मग ५५ चा, असा चढत जातो. एका मोलेक्स वायरीवर ५५ चा एकच बल्ब.

एक ५५ चा बल्ब लावल्यावर १२ ची लाइन ११.८३ वर आली. हे चालतं. दुसरा लावला, म्हणजे साधारण ११० वॅट झाले, तेव्हा ११.३२. मर्यादेखाली. पण इथे घाईने निकाल द्यायचा नाही. स्वस्त आणि जुन्या एसएमपीएसमध्ये १२ आणि ५ या दोन लाइनी एकाच दोरीने बांधलेल्या असतात. नुसत्या १२ वर लोड टाकला आणि ५ रिकामी ठेवली, तर १२ खाली जाते आणि ५ वर चढते. ५ ची लाइन ५.१९ दाखवत होती, म्हणजे तसंच काहीतरी चाललं होतं. म्हणून २१ चा एक बल्ब लाल-काळीवर लावला. ५ व्होल्टवर तो मंद लालसर पेटतो आणि साधारण एक अँपिअर घेतो. १२ ची लाइन किंचित सुधारून ११.३६ झाली. अजूनही खालीच, पण एवढ्या चार शतांशांवर मी कुणाला नवीन एसएमपीएस घ्यायला लावणार नाही.

आणखी एक काळजी घेतली होती: मीटर बल्बच्या वायरीवर नव्हता, दुसऱ्या मोकळ्या मोलेक्सवर होता. बल्बच्याच कनेक्टरवर मोजलं तर वायरीत पडणारा दशांशभर व्होल्टही एसएमपीएसच्या खात्यावर लागतो.

मग काहीच केलं नाही, चहा घेतला. तीन मिनिटांनी ११.२४. पाच मिनिटांनी ११.१ च्या आसपास नाचायला लागला. सहाव्या मिनिटाला करडी शून्य झाली आणि बल्ब विझले. क्लिप जागेवर, पण फॅनही बंद. क्लिप काढून पुन्हा लावली तरी उठेना. भिंतीवरचं बटण बंद करून मिनिटभर थांबलो, मग उठला. त्यानंतर क्लिप लावली तर? फॅन मस्त फिरत होता. तोच फॅन, जो बघून पहिल्या दुकानात त्याला ओके दिलं होतं.

१९२ वॅटचा दावा असलेला नग ११० वॅटवर सहा मिनिटं टिकला, तेही टेबलावर, पंख्याखाली. कॅबिनेटच्या आत दुपारी त्याची काय गत होत असेल! दुसऱ्या दिवशी उघडला तर आत तुसाची गादी आणि आउटपुटच्या बाजूचे दोन कपॅसिटर वरून फुगलेले. 'दुसऱ्या दिवशी' मुद्दाम लिहिलंय. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्ट किंवा त्याहून जास्त साठलेले असतात आणि प्लग काढल्यावर ते लगेच जातातच असं नाही. तुम्ही तो उघडू नका. एसएमपीएस बदलला, बोर्ड तोच ठेवला, पीसी चालला.

बल्बची चाचणीही शेवटचा शब्द नाही. बल्ब बिचारा संथपणे, सारखा करंट घेतो. ग्राफिक कार्ड तसं वागत नाही. काही मिलिसेकंदांसाठी ते सरासरीच्या कितीतरी वर झेपावतं, आणि काही एसएमपीएस नेमके त्या झटक्याला पडतात. साधा मीटर तो झटका पकडू शकत नाही. १२ च्या लाइनीवरची लहर, जी १२० मिलिव्होल्टच्या आत असायला हवी, तीही मीटरवर दिसत नाही, त्याला ऑसिलोस्कोप लागतो. म्हणून बल्बवर नापास झाला तर नग खराब, हे मी छातीठोक सांगतो. पास झाला तर 'बहुतेक बरा' एवढंच म्हणतो.

क्लिपवर उठलाच नाही, तरीही लगेच मेला म्हणू नका. काही जुने नग बिनलोडचे उठतच नाहीत, किंवा उठून लगेच बंद होतात. एक जुनी हार्ड डिस्क लावली की सुरळीत चालतात. पण जांभळीवर ५ व्होल्टच नसतील, तर मात्र सॉकेट, वायर आणि मागचं बटण बघून झाल्यावर पुढे वेळ घालवू नका.

आता तुमच्या पीसीकडे. बंद पडण्याची अजून दोन कारणं असू शकतात: प्रोसेसर तापून बोर्डाने स्वतःच बंद करणं, किंवा बोर्डावरच्या वीजपुरवठ्यात खरंच दोष असणं. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये `Kernel-Power` ४१ दिसेल, पण त्यावर जाऊ नका. अचानक बंद पडलेल्या बहुतेक पीसीत तीच नोंद असते, ती कारण सांगत नाही. त्याऐवजी पुढच्या वेळी बंद पडला की लगेच पीसीचं बटण दाबा. भिंतीवरचं बटण बंद-चालू केल्याशिवाय तो उठतच नसेल, तर संशय एसएमपीएसवर, कारण संरक्षणाने बंद झाल्यावर तो बऱ्याचदा असाच अडून बसतो. लगेच उठत असेल तर यातून काहीच ठरत नाही. बंद पडण्याआधी प्रोसेसरचं तापमान ९५-१०० पर्यंत चढत असेल, तर आधी पेस्ट आणि कूलर.

तुमच्याकडे मीटर नसेल तर बल्बच्या भानगडीत पडू नका. कुणा मित्राचा चालता, पुरेशा वॅटचा एसएमपीएस एका दिवसासाठी मागा. कॅबिनेटमध्ये बसवायची गरज नाही, बाजूचं झाकण काढून बाहेर ठेवूनच वायरी जोडा आणि ज्या गेमवर बंद पडतो तोच तासभर चालवा. फक्त त्याच्या वायरीही त्याच्याच वापरा. वायरी सुट्या होणाऱ्या नगांत एसएमपीएसच्या बाजूचा कनेक्टर प्रत्येक कंपनीचा वेगळा जोडलेला असतो. तो बसतो घट्ट, पण ५ च्या जागी १२ देऊन डिस्क जाळतो. माझ्याकडे अशा जळलेल्या डिस्क येतात, आणि त्यातला डेटा परत मिळवण्याचा खर्च बोर्डापेक्षा जास्त असतो.

तासभर चालला तर साडेसहा हजार वाचले. त्याही एसएमपीएसवर बंद पडला आणि तापमान ठीक असेल, तर दुकानदार बरोबर होता, बोर्ड बघायला द्या. तोपर्यंत तुमच्या एसएमपीएसच्या लेबलवर १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत आणि ग्राफिक कार्ड कोणतं आहे, हे दोन्ही इथे टाका. निम्म्या वेळा तिथेच उत्तर सापडतं.